«अचानक» या शब्दाआड लपलेले मृतजन्म

गर्भारपणाच्या अखेरच्या टप्प्यात पोटातच बाळ दगावले, की घरात आणि रुग्णालयात एकच वाक्य ऐकू येते: «सगळे व्यवस्थित होते, अचानक झाले.» हे वाक्य दुःखावर फुंकर घालण्यासाठी उच्चारले जाते, म्हणून त्याला कोणी हरकत घेत नाही. परंतु वैद्यकाच्या दृष्टीने ते बहुतेक वेळा असत्य असते, आणि हे असत्य पुढच्या बाळांना महागात पडते. जे अचानक घडले त्याचा शोध घेण्याचे कारण उरत नाही. जे अटळ होते त्याची जबाबदारीही कोणावर येत नाही.

आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी 28 आठवडे पूर्ण झाल्यानंतर मृतावस्थेत जन्मलेल्या बाळाला मृतजन्म म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार 2019 या एका वर्षात जगात सुमारे 19 लाख मृतजन्म झाले. त्यांपैकी सुमारे 3 लाख 40 हजार भारतात झाले. कोणत्याही एका देशातील ही सर्वाधिक संख्या होती. जगभरातील मृतजन्मांपैकी 40 टक्क्यांहून अधिक बाळे प्रत्यक्ष प्रसूतिकळा सुरू झाल्यानंतर दगावली. म्हणजे कळा सुरू होताना ती जिवंत होती. «मुळात बाळातच दोष असेल» ही समजूतही आकड्यांपुढे टिकत नाही. ‘लॅन्सेट’च्या 2016 मधील लेखमालेनुसार जन्मजात व्यंगांमुळे होणाऱ्या मृतजन्मांचे प्रमाण साधारण 7.4 टक्के आहे. उरलेल्यांमागे आईचा वाढलेला रक्तदाब, मधुमेह, सिफिलिस किंवा मलेरियासारखे संसर्ग, बाळाची खुंटलेली वाढ, लांबलेले दिवस आणि प्रसूतीच्या वेळी न मिळालेली मदत ही कारणे वारंवार आढळतात. यांतली बरीचशी मोजता येतात, आणि मोजण्यासाठीच तर गर्भवतीला तपासणीला बोलावले जाते.

मोजले जाते तेव्हाही काय घडते, हे एका काल्पनिक पण कोणत्याही जिल्ह्यात घडू शकेल अशा उदाहरणावरून पाहता येईल. सत्तावीस वर्षांची एक स्त्री, दुसरी खेप. पहिले बाळ पूर्ण दिवसांचे असूनही दोन किलोंचेच होते. ही माहिती तिने सांगितली नाही, कारण तिला कोणी विचारली नाही. 28 व्या आठवड्यात तिचा रक्तदाब 110/70 आणि गर्भाशयाची उंची 27 सेंटिमीटर. 32 व्या आठवड्यात रक्तदाब 124/80, उंची 29. 35 व्या आठवड्यात रक्तदाब 138/88, उंची 30. लघवीतील प्रथिनांचा रकाना तिन्ही वेळा कोरा. प्रत्येक नोंदीपुढे «ठीक» असा शेरा, कारण 140/90 ही उच्च रक्तदाबाची रेषा एकदाही ओलांडली गेली नाही.

आता तीच तीन पाने एकत्र वाचावीत. ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या हाडापासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंतचे अंतर साध्या मोजपट्टीने मोजतात. साधारण 24 व्या आठवड्यापासून हे अंतर सेंटिमीटरमध्ये जवळपास आठवड्यांच्या संख्येइतके येते. दोनपर्यंतचा फरक चालतो. या स्त्रीचा फरक आधी एक, मग तीन आणि अखेरीस पाच झाला. सात आठवड्यांत गर्भाशय सात सेंटिमीटरने वाढायला हवे होते, ते तीनने वाढले. त्याच काळात रक्तदाब प्रत्येक भेटीत चढत होता. या दोन रेषा मिळून सांगतात, की वार, म्हणजेच प्लॅसेंटा, बाळाला पुरेसे पोषण आणि प्राणवायू पुरवत नसण्याची शक्यता आहे. 32 व्या आठवड्यातच लघवी तपासायला हवी होती. सोनोग्राफी करून बाळाची वाढ, भोवतीचे पाणी आणि नाळेतील रक्तप्रवाह पाहायला हवा होता. येथे तपासण्या झाल्या होत्या, तीन वेळा झाल्या होत्या. झाले नव्हते ते एवढेच, की आजचा आकडा मागच्या आकड्याशेजारी ठेवून कोणी पाहिला नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, किमान चार तपासण्या झालेल्या मातांचे प्रमाण 58.1 टक्के आढळले. उरलेल्या स्त्रियांच्या बाबतीत अशी रेषा काढण्याइतके बिंदूच हाती नसतात. एका भेटीत दिसतो तो केवळ एक आकडा. वाढ खुंटली आहे हे कळण्यासाठी किमान दोन लागतात. नियमित तपासणीचा आग्रह धरण्याचे खरे कारण हे आहे. आणि जेथे चार तपासण्या होतात तेथेही त्या मोजून अभिमान बाळगणे व्यर्थ आहे, जर चौथ्या भेटीत तिसरीचे पान उलटले जात नसेल.

उदाहरणातील स्त्रीला मात्र आणखी एक संधी मिळाली होती. 35 व्या आठवड्यातील तपासणीनंतर चार दिवसांनी तिच्या लक्षात आले, की रात्री जेवणानंतर नेहमी उसळणारे बाळ फारसे हलत नाही. तिने सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, «दिवस भरत आले की जागा कमी पडते, बाळ शांत होते.» सकाळी तिने आशाताईंना विचारले. «काही गोड खा आणि पडून राहा,» असा सल्ला मिळाला. संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. तेथे यंत्र लावून ठोके ऐकवण्यात आले आणि «ठोके छान आहेत» असे सांगून तिला घरी पाठवण्यात आले. तिसऱ्या दिवशी ठोके सापडले नाहीत.

या तिन्ही उत्तरांमागे आपुलकी होती, आणि तिन्ही चुकीची होती. बाळाच्या हालचाली साधारण 32 व्या आठवड्यापर्यंत वाढत जातात आणि पुढे त्या पातळीवर टिकून राहतात. त्यांचे स्वरूप बदलू शकते, लाथेऐवजी कूस बदलल्यासारखे जाणवू शकते. पण दिवस भरले म्हणून निरोगी बाळ गप्प होत नाही. बाळ झोपते हे खरे, परंतु ती झोप बहुधा वीस ते चाळीस मिनिटांची असते आणि क्वचितच दीड तासापलीकडे जाते. रात्रभराच्या शांततेला झोप म्हणता येत नाही. गोड खाऊन वाट पाहण्याने निदान होत नाही, केवळ वेळ जातो.

तिसरे उत्तर सर्वांत घातक, कारण ते यंत्राच्या साक्षीने दिले जाते. प्राणवायू कमी पडू लागला की गर्भ काटकसर करतो. मेंदू, हृदय आणि अधिवृक्क ग्रंथींकडे रक्त वळवले जाते आणि स्नायूंची हालचाल आवरली जाते. हृदय थांबते ते सर्वांत शेवटी. म्हणून मिनिटाला 140 ठोके ऐकू येणे एवढेच सिद्ध करते, की बाळ त्या मिनिटाला जिवंत आहे. ते सुस्थितीत आहे की नाही, हे ठोक्यांच्या चढउतारावरून कळते आणि त्यासाठी सुमारे वीस मिनिटांचा आलेख, म्हणजेच नॉन-स्ट्रेस टेस्ट, काढावा लागतो. त्यासोबत रक्तदाब, गर्भाशयाची उंची आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी. त्या संध्याकाळी हे झाले असते आणि आलेख बिघडलेला दिसला असता, तर 35 आठवड्यांच्या त्या लहानग्याला बाहेर काढून जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात जगवण्याची वाजवी आशा होती.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. हालचालींकडे लक्ष द्यायला शिकवल्याने मृतजन्म घटतात, याला पुरावा कोठे आहे? ब्रिटन आणि आयर्लंडमधील ‘अफर्म’ या चाचणीत चार लाखांहून अधिक गरोदरपणांचा समावेश होता. 2018 मध्ये तिचे निष्कर्ष आले. जागृतीचा आणि उपचारांचा ठरावीक कार्यक्रम राबवल्यावर मृतजन्मांचा दर हजारी 4.40 वरून 4.06 झाला, परंतु हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता येईल इतका नव्हता. उलट, कृत्रिम कळा देण्याचे आणि सिझेरियनचे प्रमाण वाढले. हा निकाल दडवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. रोज लाथा मोजून वहीत लिहिल्याने बाळ वाचते, असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

पण या निकालातून «आईने सांगितले तरी दुर्लक्ष करावे» असा अर्थ निघत नाही. त्या चाचणीत तुलना झाली ती अधिक दक्षतेची आणि नेहमीच्या सेवेची; आणि तेथील नेहमीच्या सेवेत हालचाल मंदावल्याची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीची तपासणी होतच होती. जेथे ती तपासणीच होत नाही, तेथे या आकड्याचा आधार घेऊन स्वस्थ बसणे ही शास्त्राची विटंबना आहे. सिझेरियन वाढेल या भीतीचे उत्तरही तपासणीतच आहे: आलेख चांगला आला, वाढ योग्य दिसली, तर स्त्री घरी जाईल आणि पुन्हा हालचाल मंदावली तर पुन्हा येईल. दहाचा आकडा मोजणे हे साधन आहे; महत्त्वाचा आहे तो त्या बाळाच्या नेहमीच्या लयीत पडलेला फरक. ती लय केवळ एकाच व्यक्तीला ठाऊक असते.

कायद्याची एक विसंगतीही ध्यानात घेण्यासारखी आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात मृतजन्म हा ‘जन्म’ या व्याख्येत मोडतो आणि ‘मृत्यू’ या व्याख्येतून वगळला जातो. अशा बाळाची मृत्यू म्हणून गणनाच होत नाही. 2014 च्या राष्ट्रीय नवजात कृती योजनेने 2030 पर्यंत मृतजन्मांचा दर हजारी दहाच्या खाली आणण्याचे ध्येय ठेवले आहे. ते गाठायचे असेल, तर प्रत्येक मृतजन्मानंतर वारेची तपासणी, कार्डावरील नोंदींचे फेरवाचन आणि «आईने शेवटची हालचाल केव्हा अनुभवली, ती कोणाला सांगितली, त्याने काय केले?» हे तीन प्रश्न विचारणे सक्तीचे व्हावे.

माता व बाल संरक्षण कार्डावर हालचालींच्या नोंदीसाठी जागा छापलेली आहे. उदाहरणातील स्त्रीने ती नोंद वेळेवर, स्वतःच्या तोंडाने, तीन ठिकाणी दिली होती. बाळ दगावल्यावर तिलाच विचारले गेले, «तुझ्या लक्षात कसे आले नाही?»