विश्लेषण : बेकारी भत्त्यामुळे नोकरीचा शोध लांबतो का?

वसई पूर्वेच्या वालीव-सातिवली पट्ट्यातल्या एका कारखान्यातील कामगाराची नोकरी गेली, असे समजू. चार दिवसांत 14 हजारांचे काम चालून आले. ते धरायचे की थांबायचे?

राखीव वेतन म्हणजे काय?

अर्थशास्त्रज्ञ जॉन मॅकॉल यांनी 1970 मध्ये याच पेचाचे गणित मांडले. कामगाराच्या मनात पगाराची एक रेघ असते. तिच्याखालचे काम तो नाकारतो, वरचे स्वीकारतो. हे ‘राखीव वेतन’. रिकामे बसण्याचा खर्च जास्त, तेवढी रेघ खाली. विरारहून लोकलने अंधेरी गाठावी लागणार असेल, तर त्या कामासाठी ती वर जाते.

भत्त्याने काय बदलते?

समजा, दर तीन आठवड्यांनी एक काम चालून येते. पगार 12, 14, 16, 18 किंवा 20 हजार, प्रत्येकाची शक्यता सारखी. रेघ 16 हजारांवर असेल, तर पाचपैकी तीन कामे चालतात आणि शोध सरासरी 5 आठवडे चालतो. भत्त्यामुळे रेघ 18 हजारांवर गेली, तर पाचपैकी दोनच चालतात; शोध साडेसात आठवड्यांचा होतो. मात्र मिळणारा सरासरी पगार 18 हजारांवरून 19 हजार होतो.

नैसर्गिक दर कसा वाढतो?

नोकरी सरासरी 95 आठवडे टिकत असेल आणि शोध 5 आठवड्यांचा असेल, तर कोणत्याही दिवशी शंभरातले 5 जण बेकार दिसतील. मंदी नसतानाही उरणारा हा ‘नैसर्गिक दर’. शोध साडेसात आठवड्यांचा झाला, की तो सुमारे 7.3 टक्के होतो.

मग भत्ता नको का?

कर्मचारी राज्य विमा महामंडळाची ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ 2018 पासून आहे. सुरुवातीला सरासरी कमाईच्या 25 टक्के मदत होती. कोविडकाळात ती 50 टक्के झाली. मुदत जास्तीत जास्त 90 दिवस. मुदत संपत आली, की रेघ आपोआप खाली येते. विम्यात नसलेल्या नाका कामगाराला तर हा आधारच नाही. त्याचा शोध लांबला, तर दोष भत्त्याला देता येत नाही.

म्हणून आकडा वाढला की आधी एकच तपासावे : कामे येत असून नाकारली जात आहेत, की येतच नाहीत? पहिल्या स्थितीत भत्त्याचा परिणाम असू शकतो. दुसऱ्या स्थितीत कारखान्यांकडेच मागणी नाही. तिथे भत्ता कापून नोकऱ्या वाढत नाहीत. फक्त घरची चूल लवकर थंडावते.