सोन्याचा पक्षी कुरआनात नाही

गेल्या रमजानमधली गोष्ट. तरावीहनंतर बाभुळगावात बाहेरून आलेल्या एका वक्त्याने हजरत दाऊद (अ.) यांचा किस्सा सांगितला. दाऊद इबादत करत असताना सोन्याचा एक पक्षी समोर येऊन बसला. त्याला धरायला ते उठले, तो उडाला, त्याच्या मागे जाताना त्यांना अंघोळ करणारी एक स्त्री दिसली. तिचा नवरा उरिया सैन्यात होता. दाऊदनी त्याला मुद्दाम लढाईत पुढे पाठवलं, तो मारला गेला आणि तिच्याशी त्यांनी निकाह केला. सगळे तल्लीन होऊन ऐकत होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सातवीतला एक मुलगा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, नबी असं करतात?"

मुलाचा प्रश्न बरोबर होता. मी त्याला म्हटलं, आधी कुरआनात काय आहे ते बघू.

सूरह सादच्या २१ ते २५ या आयतींमध्ये एवढंच आहे: दोन वादी भिंत ओलांडून दाऊद यांच्या इबादतीच्या जागी शिरतात. ते घाबरतात. एक जण सांगतो की, या माझ्या भावाकडे नव्याण्णव मेंढ्या आहेत, माझ्याकडे एकच, आणि तीही तो मागतो, बोलण्यातही मला हरवतो. दाऊद म्हणतात, त्याने तुझ्यावर जुलूम केला. मग आपली परीक्षा झाल्याचं त्यांच्या लक्षात येतं, ते माफी मागतात, नमतात आणि अल्लाह त्यांना माफ करतो. आपण हनफी लोक इथेच सजदा करतो. या आयतींमध्ये पक्षी नाही, स्त्री नाही आणि उरियाचं नावही नाही.

मग ही गोष्ट आली कुठून? माझ्याकडे मराठी बायबल आहे. दुसरे शमुवेल या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात दावीद गच्चीवरून बथशेबाला पाहतो, आणि तिचा नवरा उरीया याला लढाईत मरायला पाठवतो. बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा त्याला एक दृष्टांत सांगतो: श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरं होती, गरिबाकडे एकच. दोन्हीकडे ती एकटी मेंढी आहे, म्हणून किस्सा सांगणाऱ्यांनी बायबलची कथा आयतीला जोडली. नव्याण्णव मेंढ्या म्हणजे नव्याण्णव बायका, असा अर्थही लावला गेला.

पण सोन्याचा पक्षी बायबलातही नाही. पक्ष्याच्या रूपात आलेला सैतान यहुदी धर्मपंडितांच्या तलमूदमध्ये सापडतो. तिथे दावीद त्याला बाण मारतो, आडोसा फुटतो आणि आडोशामागची स्त्री दिसते. म्हणजे मदीना, यमन, शाम इथल्या यहुदी समाजात ग्रंथांबरोबर तोंडी कथाही फिरत होत्या. कअब अल-अहबार, वहब बिन मुनब्बिह अशांच्या नावाने त्या मुसलमानांपर्यंत आल्या. अशा कथांनाच 'इस्राईलियात' म्हणतात. त्याच तलमूदमध्ये, दावीदने पाप केलं असं म्हणणारा चुकतो, असंही एका पंडिताचं मत नोंदलेलं आहे. म्हणून हे सगळं 'यहुद्यांचं कारस्थान' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. अडचण त्यांनाही जाणवली होती, आणि आपल्या मिंबरवरून ही कथा सांगणारे आपलेच लोक होते.

मुफस्सिरांनी, म्हणजे कुरआनचा अर्थ उलगडणाऱ्यांनी, याचं काय केलं? इमाम तबरी (मृत्यू इ.स. ९२३) यांनी या रिवायती आपल्या तफसीरमध्ये घेतल्या, पण प्रत्येकीची सनद, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं याची साखळी, सोबत दिली. इमाम राझी (मृत्यू १२१०) यांनी आयतींच्या संदर्भावरूनच कथा फेटाळली. त्यांचं म्हणणं असं की, आधीच्या आयतींत अल्लाह दाऊद यांची स्तुती करतो, नंतरच्या आयतीत त्यांना जमिनीवर खलीफा नेमतो. मध्येच खून आणि परस्त्रीची हाव कशी बसेल?

इब्न कसीर (मृत्यू १३७३) यांनी साखळी तपासली. ही कथा खुद्द पैगंबर (स.) यांच्या नावावरही सांगितली जाते, पण ती रिवायत यझीद रक्काशीमार्फत हजरत अनस (रजि.) यांच्यापर्यंत जाते. यझीद नेक माणूस होता, तरी हदीसच्या बाबतीत कमकुवत. गावात एखाद्याच्या सचोटीबद्दल शंका नसते, पण निरोप मात्र तो नीट पोहोचवत नाही, तसंच हे. म्हणून इब्न कसीर म्हणतात की इथलं बहुतेक इस्राईलियातमधून आलेलं आहे. आयत वाचावी आणि बाकीचं ज्ञान अल्लाहवर सोडावं.

यामागे एक नियम आहे. इब्न तैमिया यांनी तो मांडला आणि इब्न कसीर यांनी आपल्या तफसीरच्या प्रस्तावनेत घेतला. जे कुरआन-हदीसशी जुळतं ते खरं. जे त्यांच्या विरुद्ध जातं ते खोटं. ज्याबद्दल आपल्याकडे काहीच नाही, ते खरंही म्हणायचं नाही आणि खोटंही; सांगायला हरकत नाही, पण त्यावर दीन उभा करायचा नाही. गुहेतल्या तरुणांच्या कुत्र्याचा रंग कोणता, मूसा (अ.) यांची काठी कोणत्या झाडाची, हे सगळं या तिसऱ्या खान्यातलं. बुखारीतल्या दोन हदीसांमध्ये या नियमाचा आधार आहे: एकीत बनी इस्राईलकडून सांगायला हरकत नाही असं आहे, दुसरीत ग्रंथधारकांना खरंही म्हणू नका, खोटंही म्हणू नका असं.

मात्र हाच गज आपल्याला आवडणाऱ्या गोष्टींनाही लावावा लागतो. दाऊदचा हा किस्सा सांगणाऱ्याला १६० फटके मारीन, असं हजरत अली (रजि.) म्हणाल्याचं आपण मोठ्या आवाजात सांगतो. ऐकायला ते छान वाटतं. पण काझी इब्न अल-अरबी यांनी तेही त्यांच्याकडून सिद्ध नसल्याचं म्हटलं आहे. कमकुवत रिवायत दुसऱ्या कमकुवत रिवायतीने खोडता येत नाही.

मग दाऊद यांची परीक्षा कोणती होती? इथे मतभेद आहेत. आपल्या औरंगाबादेत १९०३ साली जन्मलेले मौलाना मौदूदी बायबलची कथा नाकारतात, पण एका माणसाने बायकोला तलाक द्यावा अशी इच्छा दाऊद यांनी बोलून दाखवली असावी, इतकं ठेवतात. दुसरं मत असं की दाऊद यांनी एकाच बाजूचं ऐकून निकाल दिला, प्रतिवाद्याला बोलूच दिलं नाही. मला हे दुसरं मत जवळचं वाटतं. लगेचच्या आयतीत त्यांना लोकांमध्ये न्यायाने निवाडा कर, असंच सांगितलं आहे. आणि शिक्षक म्हणून ही चूक मी स्वतः किती वेळा केली आहे! रडत आला त्याचं खरं धरलं आणि दुसऱ्याला उभं केलं.

माझी तक्रार जुन्या तफसीरकारांबद्दल नाही. त्यांनी माल आणि त्यावरची चिठ्ठी दोन्ही जपलं. आपण किस्स्यांच्या पुस्तकांत आणि बयानात चिठ्ठी फाडली आणि माल तेवढा 'कुरआनातला किस्सा' म्हणून वाटला. बयान करणाऱ्यांकडे माझी मागणी एवढीच: इस्राईली रिवायत सांगायचीच असेल, तर ती तशी आहे हे त्याच दमात सांगा, आणि नबीच्या चारित्र्यावर डाग टाकणारी असेल, तर सांगूच नका.

त्या मुलाला मी सूरह सादच्या त्या पाच आयतींचा तर्जुमा वाचायला दिला. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "सर, मग तो दुसरा मेंढीवाला काय म्हणाला, ते कुठे आहे?" ते कुठेच नाही. तो काही बोललाच नाही, त्याला कोणी विचारलंच नाही. वक्त्याच्या तासाभराच्या बयानात हा प्रश्न कोणाला पडला नव्हता.