एका ओळीची व्याख्या: पाठ करण्याआधी शब्द झाकून पाहा



दहावीच्या विज्ञान भाग १ च्या जुन्या प्रश्नपत्रिका एकत्र ठेवल्या, की काही संज्ञा पुन्हा पुन्हा दिसतात. मुक्तिवेग, विशिष्ट उष्माधारकता, अप्रकट उष्मा, अपवर्तनांक ही त्यातली नेहमीची मंडळी. आमच्या कर्वेनगरात काय किंवा इतर कुठे काय, यावर ठरलेला उपाय म्हणजे या संज्ञांची यादी करायची, प्रत्येकीपुढे तयार व्याख्या लिहायची आणि मुलांकडून घोकून घ्यायची. यादी करणं योग्यच आहे. पण तयार व्याख्या हातात देणं मला पटत नाही. पाठ केलेल्या ओळीतला एखादा शब्द गळला तर तो गळलाय हे मुलाला कळतच नाही, कारण तो शब्द तिथे कशासाठी होता हे त्याला कधी कळलेलंच नसतं.

मुक्तिवेगाचं पाहू. पुष्कळ मुलं लिहितात, ‘पृथ्वीवरून मुक्त होण्यासाठी लागणारा वेग म्हणजे मुक्तिवेग.’ वाचायला बरं वाटतं, पण इथे संज्ञाच फिरवून लिहिली आहे. ‘मुक्त होणं’ म्हणजे काय हे सांगितलेलंच नाही. ते असं सांगता येईल: ग्रहाच्या किंवा उपग्रहाच्या पृष्ठभागावरून ज्या किमान सुरुवातीच्या वेगाने वर फेकलेली वस्तू परत खाली येत नाही, त्या वेगाला मुक्तिवेग म्हणतात.

आता यातला एकेक शब्द बोटाने झाका आणि मुलांना विचारा, काय बिघडलं? ‘किमान’ झाकला तर सेकंदाला १२ किलोमीटर, १५ किलोमीटर हे सगळेच वेग पृथ्वीसाठी व्याख्येत बसतात. मग ११.२ हीच किंमत का, याला उत्तर उरत नाही. ‘सुरुवातीच्या’ झाकला तर हुशार मूल लगेच विचारतं, ‘सर, इंजिन सतत चालू ठेवलं तर रॉकेट हळूहळू जाऊनही परत येणार नाही ना?’ अगदी बरोबर. मुक्तिवेग हा एकदाच फेकून दिलेल्या वस्तूचा वेग आहे, वाटेत ढकलत राहिलेल्या वस्तूचा नव्हे. आणि ‘ग्रहाच्या किंवा उपग्रहाच्या’ ऐवजी नुसतं ‘पृथ्वीच्या’ लिहिलं, तर चंद्राचा मुक्तिवेग काढायचं उदाहरण आल्यावर मूल अडखळतं. चंद्रासाठी तो सेकंदाला सुमारे २.४ किलोमीटरच आहे.

उलट, जो शब्द झाकूनही अर्थ बदलत नाही तो खुशाल काढून टाका. ‘खूप जास्त वेग’ मधलं ‘खूप जास्त’ असंच फुकट जागा अडवतं. ११.२ हा आकडाही व्याख्येचा भाग नाही. तो वेगळ्या वाक्यात लिहावा.

उष्णतेच्या धड्यात आणखी एक सोपी ताळणी मिळते, ती म्हणजे एककाची. विशिष्ट उष्माधारकतेचं एकक कॅलरी प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस. म्हणजे व्याख्येत तीन गोष्टी दिसायलाच हव्यात: उष्णता, एकक वस्तुमान आणि तापमानातली १ अंशाची वाढ. वितळणाच्या विशिष्ट अप्रकट उष्म्याचं एकक मात्र कॅलरी प्रति ग्रॅम. अंश गायब! का? कारण बर्फ वितळताना तापमान वाढतच नाही. म्हणून इथे ‘१ अंशाने वाढ’ येणार नाही, ‘स्थिर तापमानाला’ येईल: एकक वस्तुमानाच्या स्थायूचं स्थिर तापमानाला पूर्णपणे द्रवात रूपांतर होताना शोषली जाणारी उष्णता. या दोन व्याख्यांची मुलं सर्रास सरमिसळ करतात. एकक शेजारी लिहायला लावलं, तर चूक त्यांची त्यांनाच दिसते.

याचा फायदा व्याख्येपुरता राहत नाही. ०° सेल्सिअसचा ५ ग्रॅम बर्फ वितळवायला किती उष्णता लागेल, असं विचारलं तर ‘एकक वस्तुमान’ समजलेलं मूल १ ग्रॅमला ८० कॅलरी, म्हणून ५ ग्रॅमला ४०० कॅलरी, असं सूत्र न आठवताही सांगतं.

या पद्धतीला मर्यादा आहेत. नियम आणि व्याख्या यांत गल्लत नको. केप्लरचे नियम पुस्तकातल्या शब्दांतच लिहिलेले बरे. आणि सगळ्या यादीवर हे करायला वेळ पुरत नाही, हेही खरं. मग सगळ्यात जास्त वेळा आलेल्या दहा संज्ञा घ्या, रोज एकच, पाच मिनिटं. पालकांना घरी हे करायला विज्ञान यायलाच हवं असं नाही. मुलाने लिहिलेल्या ओळीतला एक शब्द झाकायचा आणि विचारायचं, ‘हा नसला तर काय होईल?’ उत्तर आलं तर व्याख्या त्याची झाली. नाही आलं, तर पुस्तकात कुठे शोधायचं हे तरी नक्की कळलं.