सहा बरण्या आणि एक ‘टक्’

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला घरी एक ‘प्रोजेक्ट’ केला. मेसच्या उसळीबद्दल इथे काही लिहीत नाही, सुज्ञांस सांगणे न लगे! तर आईच्या हातची मटकीची उसळ होस्टेलवर महिनाभर पुरवायची, असा माझा बेत. एका व्हिडिओत बघितलं तसं गरम उसळ काचेच्या सहा बरण्यांत भरली, झाकणं लावली आणि बरण्या मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवून पाऊण तास उकळल्या. थंड होताना एकेक झाकण ‘टक्’ आवाज करून आत बसलं. आई खूश. “बघ, आता हवासुद्धा शिरायची नाही!”

आईचं म्हणणं अगदी बरोबर होतं. आणि गडबड नेमकी तिथेच होती.

अकरा दिवस त्या बरण्या माझ्या कॉटखाली होत्या. बाराव्या दिवशी एक उघडायला घेतली, तर माझी बायोटेकवाली रूममेट ओरडलीच, “थांब! किती वेळ उकळलंस?” मी सांगितलं. ती मला ओढत त्यांच्या लॅबमध्ये घेऊन गेली. तिथल्या काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि ऑटोक्लेव्हकडे बोट दाखवलं. “नुसतं उकळून सगळं मरत असतं, तर आम्ही रोज हे धूड कशाला तापवतो गं?”

मित्रहो, त्या एका प्रश्नात सगळा विषय आला. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू असतो. वाईट दिवस आले की तो बीजाणू बनून, म्हणजे जाड कवच घालून, झोपून राहतो. बटाटा, मटकी, मका, सगळ्यांबरोबर तो स्वयंपाकघरात येऊ शकतो. एरवी तो आपलं काही बिघडवत नाही, कारण जागं व्हायला त्याला ऑक्सिजन नसलेली, ओलसर, आंबट नसलेली आणि कोमट जागा लागते. आता माझी बरणी बघा. उकळल्यामुळे बाकीचे साधे जंतू मेले. वाफेने हवा बाहेर घालवली. ‘टक्’ करून दार बंद झालं. आत ओली, आंबट नसलेली उसळ आणि बाहेर रूमचं तापमान. बीजाणू मात्र जिवंत! जागा झाला की तो विष बनवतो, आणि ते माहीत असलेल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक आहे.

आता थोडं गणित, शेवटी आपण इंजिनिअर. या जंतूच्या सगळ्यात चिवट बीजाणूंची संख्या दहापटीने कमी करायला १२१ अंश सेल्सियसला सुमारे ०.२१ मिनिट लागतं. डबाबंद अन्नाच्या उद्योगात असं बारा वेळा दहाने भागतात, म्हणजे साधारण अडीच मिनिटं. तापमान १० अंशांनी उतरलं की वेळ दहापट होतो. म्हणजे १०० अंशांवर तेच काम करायला पाच तासांहून जास्त लागतील. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे झाले आठ तासांच्या वर. माझ्या पाऊण तासात जेमतेम एकदा दहाने भाग गेला असेल, तोही बरणीचा मधला भाग लगेच तापला असं धरून.

उघड्या पातेल्यात आच कितीही वाढवा, पाणी उत्कलनबिंदूच्या वर जात नाही. तापमान वाढवायचं तर दाब वाढवायला हवा. १५ पौंड जादा दाबाला वाफ १२१ अंशांवर जाते. ऑटोक्लेव्ह तेच करतो आणि बरण्यांसाठी बनवलेला प्रेशर कॅनरही तेच करतो.

मला आधी वाटलं, काका घाबरवताहेत. मग अमेरिकेतली एक केस वाचली. एप्रिल २०१५ मध्ये ओहायो राज्यातल्या लँकेस्टरमध्ये एका चर्चचं सहभोजन झालं. ७७ जण जेवले. दोन दिवसांनी लोक हॉस्पिटलमध्ये येऊ लागले. २९ जण आजारी पडले, ११ जणांना व्हेंटिलेटर लागला, एक बाई गेली. तपासात बटाट्याच्या सॅलडवर बोट आलं. त्यातले बटाटे कुणीतरी घरी बरण्यांत भरले होते, नुसत्या उकळत्या पाण्यात. बरणीतून काढल्यावर ते पुन्हा गरमही केले नव्हते.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. बीजाणू उकळण्याला दाद देत नाही, पण त्याने तयार केलेलं विष उष्णतेने मोडतं. घरी बरणीत भरलेलं आंबट नसलेलं अन्न खाण्याआधी दहा मिनिटं, उंचावर थोडं जास्त, खळखळून उकळा असं तिथे सांगतात ते म्हणूनच. पण हा झाला शेवटचा बचाव. चुकीच्या पद्धतीने भरलेली बरणी त्याच्या भरवशावर खायची नाही. फुगलेलं झाकण, उडणारा फेस, घाण वास ही धोक्याची खूण खरी, पण काहीच वास नाही म्हणजे बरणी ठीक, असं अजिबात नाही. चव तर बघूच नका. आजार बहुतेक वेळा १२ ते ३६ तासांत दिसतो. एकाचे दोन दिसतात, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, मग श्वास. ताप सहसा नसतो, म्हणून लोक अंगावर काढतात. तसं करू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि काय खाल्लं ते सांगा.

तुम्ही म्हणाल, घरोघरी कुकर आहे, तीन शिट्ट्या काढल्या की झालं! नाही. शिट्टी हे वेळेचं माप नाही. आत हवा राहिली तर दाब तोच, पण तापमान कमी. म्हणून कॅनरमध्ये आधी दहा मिनिटं वाफ सोडून हवा घालवतात आणि मगच वजन ठेवतात. शिवाय छोटा कुकर पटकन तापतो आणि पटकन निवतो. बटाट्याच्या अर्ध्या लिटरच्या बरणीला कॅनरमध्ये ३५ मिनिटं देतात, ती तपासून ठरवलेली वेळ आहे. आईच्या उसळीची वेळ कुणी तपासलीय?

“आमच्याकडे वर्षानुवर्षं करतात, काही होत नाही,” हेही ऐकलं. प्रत्येक बरणीत बीजाणू असतोच असं नाही, त्यामुळे दहा बरण्या चांगल्या निघाल्या म्हणून अकरावी सुरक्षित ठरत नाही. आजीचं लिंबाचं लोणचं टिकतं ते आंबटपणामुळे. पीएच ४.६ किंवा त्याखाली हा जंतू वाढत नाही. पापड टिकतो कारण त्यात ओल नसते. आपल्या आज्यांनी उसळ कधी बरणीत भरून ठेवली नाही, यातच काय ते समजा.

माझं मत स्पष्ट आहे. कॅनर नसेल आणि त्या पदार्थासाठी तपासलेली वेळ नसेल, तर उसळ, भाजी, बटाटे, मका बरणीबंद करून बाहेर ठेवू नये. फ्रीझरमध्ये ठेवा, वाळवा, नाहीतर आजच संपवा. तेल वर ओतून काही साधत नाही, उलट हवा आणखी बंद होते.

सहाही बरण्या न उघडता दुहेरी पिशवीत बांधून टाकून दिल्या. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बरं झालं. आता सुकी चटणी पाठवते.”