‘जे आधी घडेल ते’: मराठी प्रेसनोटमधून गळालेले चार शब्द

साताऱ्याजवळ राहणारा माझा मावसभाऊ दुधाचा रतीब घालतो. सकाळ-संध्याकाळ मिळून रोज साधारण ७० किलोमीटर स्कूटर पळते आणि दुधाला रविवार नसतो. त्याने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, दोन वर्षं मस्त चालवली. पंचविसाव्या महिन्यात बॅटरी उतरायला लागली. शोरूममध्ये गेला तर उत्तर मिळालं, “वॉरंटी संपली.” तो म्हणाला, अहो तीन वर्षांची आहे ना! त्यांनी ओडोमीटर दाखवला. ५२ हजार किलोमीटर झाले होते आणि वॉरंटीची मर्यादा होती ५० हजार.

मग त्याने मला फोन केला. घरात जपून ठेवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण वाचून दाखवलं. “ताई, इथे स्पष्ट लिहिलंय, बॅटरीला तीन वर्षांची हमी. पेपरात खोटं कसं छापतील?”

मी गप्प बसले. कारण ती बातमी ज्या मराठी प्रेसनोटवरून झाली होती, ती मी लिहिलेली होती.

कंपनीचं नाव लिहीत नाही. चूक माझी होती आणि मुख्य म्हणजे ही चूक एका कंपनीची नाही, अख्ख्या धंद्याची सवय आहे. मी बरीच वर्षं पुण्यात पीआरचं काम करते. नवीन उत्पादन बाजारात येतं तेव्हा पत्रकारांना इंग्रजी आणि मराठी अशा दोन प्रेसनोट जातात. दोन्हींत माहिती एकच असते असं आपण सगळे गृहीत धरतो. ती नेहमी एकच असते असं मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

त्या दिवशी काय झालं ते सांगते. इंग्रजी नोटमध्ये होतं, ‘थ्री इयर्स ऑर फिफ्टी थाउजंड किलोमीटर्स, विचेव्हर इज अर्लिअर’. मी मराठीत लिहिलं, ‘बॅटरीवर ३ वर्षे किंवा ५० हजार किमीची वॉरंटी’. शेवटची शेपटी वाक्यात नीट बसेना, म्हणून सोडून दिली. आकडे तर दोन्ही बरोबर आहेत ना, असं वाटलं. पुढे वर्तमानपत्राच्या डेस्कवर जागा कमी होती, तिथे ‘किंवा ५० हजार किमी’ही उडालं आणि वॉरंटीची ‘हमी’ झाली. डेस्कला दोष कसा देऊ? मी लिहिलेल्या वाक्यातून ‘किंवा’ म्हणजे नेमकं काय हे त्यांनाही कळत नव्हतं. ग्राहक तर ‘किंवा’ आपल्या सोयीनेच वाचणार.

आता हिशोब बघा. जो माणूस रोज १५ किलोमीटर जाऊन ऑफिस गाठतो, त्याची तीन वर्षं आधी पुरी होतात, ५० हजार किलोमीटर नाही. त्याला या अटीने काही फरक पडत नाही. पण रोज ७० म्हणजे महिन्याला २१०० किलोमीटर. ५० हजाराला २१०० ने भागा, चोवीस महिन्यांत वॉरंटी खलास. म्हणजे ती गाळलेली शेपटी नेमकी त्याच माणसाच्या कामाची होती, जो गाडीवर पोट भरतो. आणि तो बातमी मराठीतच वाचतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: आकडा म्हणजे फक्त अंक नव्हे. त्याला चिकटलेले ‘पर्यंत’, ‘पासून’, ‘सुमारे’, ‘चाचणीत’, ‘यापैकी जे आधी’ हे शब्द आकड्याचाच भाग आहेत. अंक जुळले आणि हे शब्द गळाले, तर दोन भाषांमध्ये दोन वेगळी आश्वासनं गेली असं समजा.

त्याच नोटमध्ये अजून एक होतं. इंग्रजीत ‘सर्टिफाइड रेंज’ १२० किलोमीटर. म्हणजे ठरावीक पद्धतीच्या चाचणीत, प्रमाणपत्रावर नोंदलेला आकडा. चढ, खड्डे, मागे दोन किटल्या असं काही त्या चाचणीत नसतं. मराठीत माझ्या हातून गेलं, ‘एका चार्जमध्ये १२० किमी धावते’. अंक तोच, पण तिकडे चाचणीचा निकाल आणि इकडे रस्त्यावरचा शब्द!

हे असं का होतं? कारण मराठी नोट हे सगळ्यात शेवटचं काम असतं. इंग्रजी मसुदा पंधरा दिवस फिरतो. मार्केटिंगवाले बघतात, इंजिनिअर बघतात, वकील एकेका शब्दावर अडून बसतात. ‘विचेव्हर इज अर्लिअर’ वकिलानेच घातलेलं असतं. आणि मराठी? लाँचच्या आदल्या संध्याकाळी मेल येतो, ‘उद्या सकाळी ९ पर्यंत मराठी व्हर्जन द्या’. ते कुणी तपासत नाही, कारण तपासणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मराठी वाचताच येत नाही. त्यातच रात्री ११ वाजता किंमत बदलते. इंग्रजीत बदल होतो, मराठी फाइल आधीच पाठवून झालेली असते. सकाळी पत्रकार परिषदेत एकाच टेबलावर दोन कागद, एकावर १,०९,९९९ रुपये आणि दुसऱ्यावर १,१४,९९९. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

अवतरणांचा घोळ तर याहून वाईट, कारण तिथे माणसाच्या तोंडी शब्द घातले जातात. त्या कंपनीचे संचालक कोल्हापूरचे, घरी-दारी मराठी बोलणारे. तरी त्यांचं ‘वक्तव्य’ आधी इंग्रजीत तयार झालं, मग मी त्याचं मराठी केलं. म्हणजे मराठी माणसाचं बोलणं मी त्यालाच अनुवाद करून दिलं! इंग्रजीत होतं की पहिल्या वर्षी २० हजार स्कूटर विकण्याचं ‘उद्दिष्ट’ आहे. मराठीत झालं, ‘पहिल्या वर्षी आम्ही २० हजार स्कूटर विकू’. ऐकायला झकास. पण वर्षभराने पत्रकाराने विचारलं, साहेब, तुम्ही म्हणाला होतात विकू, किती विकल्या? साहेब म्हणाले, मी असं म्हणालोच नव्हतो. दोघंही खरं बोलत होते.

त्या फोननंतर मी कामाची पद्धत बदलली. फार मोठं काही नाही, पण सांगते.

पहिलं म्हणजे नोट लिहायच्या आधी आकड्यांचा एक तक्ता करायचा. चार रकाने: अंक, एकक, अट, आणि हे कुणी मंजूर केलं. वॉरंटीच्या ओळीत अटीचा रकाना रिकामा राहिला तर लगेच डोळ्यात खुपतो. मग इंग्रजी नोटही या तक्त्यावरून लिहायची आणि मराठीही. इंग्रजीवरून मराठी नाही. किंमत रात्री ११ ला बदलली तर आधी तक्ता बदलतो, मग दोन्ही नोटा, आणि दोन्हींवर एकच आवृत्ती क्रमांक असतो. एक तयार नसेल तर दुसरी जात नाही.

दुसरं, अट आकड्याच्या वाक्यातच घालायची. इंग्रजी नोटांना फुली मारून तळाशी बारीक अक्षरात अटी द्यायची सवय असते. वर्तमानपत्र बातमी खालून कापतं, त्यामुळे तळटीप कधीच छापून येत नाही. आता मी लिहिते: ‘खरेदीपासून ३ वर्षे किंवा ५०,००० किमी, यापैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा बॅटरीची वॉरंटी संपते.’ वॉरंटी ‘आहे’ म्हणण्यापेक्षा ती कधी ‘संपते’ हे सांगितलं की ‘किंवा’चा दुसरा अर्थच निघत नाही. डेस्कने यातला निम्मा भाग कापला तरी उरलेलं वाक्य लंगडं दिसतं आणि उपसंपादक थांबून विचार करतो.

तिसरं, अवतरण. ज्याच्या तोंडी ते आहे, त्याला ज्या भाषेत सहज बोलता येतं त्या भाषेत आधी विचारायचं, तेच मूळ धरायचं आणि दोन्ही मजकुरांवर त्याची सही घ्यायची. इथे एक गोष्ट शिकायला मला वेळ लागला. एखादं वाक्य मराठीत नीट उतरत नसेल, तर मराठी पिळत बसू नये, दोन्ही बदलावीत. ‘वन ऑफ द मोस्ट अफोर्डेबल’ याचं मराठीत ‘सर्वात स्वस्त’ होऊन जातं आणि तो खोटा दावा ठरतो. ‘सर्वात स्वस्त स्कूटर्सपैकी एक’ असं मराठीत कुणी बोलत नाही. मग संचालकांनाच विचारलं, नेमकं काय म्हणायचंय? ते म्हणाले, “अहो, हप्ता परवडेल अशी किंमत ठेवलीय.” तेच मराठीत गेलं आणि इंग्रजीतही तेच घातलं. इंग्रजी वाक्य उलट सुधारलं.

शेवटची तपासणी उलट दिशेने करायची. ज्याने इंग्रजी नोट पाहिलेलीच नाही अशा माणसाला मराठी नोट द्यायची आणि पेन्सिलने प्रत्येक आकडा व त्याची अट तक्त्याशी जुळवायला सांगायची. इंग्रजीत सतरा आकडे असतील तर मराठीतही सतराच हवेत. परदेशी भागीदार असेल तर इथे हमखास मासा गळाला लागतो. त्यांच्याकडे अडीच बिलियन रुपये असतात, म्हणजे २५० कोटी. घाईत त्याचे २५ कोटी झालेले मी पकडलेत.

यावर नेहमीचं उत्तर येतं: एवढा वेळ कुठे असतो, आणि प्रेसनोट म्हणजे काही करारपत्र नाही. मान्य, करारपत्र नाही. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरातीची व्याख्या बरीच रुंद आहे. आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत २०२२ मध्ये केंद्राने जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत साफ म्हटलंय की दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत हवा. प्रेसनोटला हे कायद्याने किती लागू होतं, यावर वकील वाद घालतील. मला त्यातलं तत्त्व पुरेसं आहे. दावा मराठीत आणि अट इंग्रजीत, हा व्यवहार सरळ नाही.

आणि वेळेचं म्हणाल, तर तक्ता करायला एक तास लागतो. इंग्रजी मसुद्याला पंधरा दिवस मिळतात, त्यातला एक तास.

मराठी दिसली पाहिजे म्हणून आपण पाट्यांवरून भांडतो, ते योग्यच आहे. पण दुकानावरची पाटी मराठीत असून आतल्या अटी इंग्रजीतच राहणार असतील, तर गिऱ्हाईक आत येतं ते फसायलाच. कंपन्यांमध्ये बसलेल्या मराठी मंडळींना माझी एकच विनंती आहे. पुढच्या लाँचला तुमच्या नावाने जाणारी मराठी नोट मागवून घ्या आणि सही करण्याआधी स्वतः वाचा. दहा मिनिटं लागतात.

भावाने नवी बॅटरी स्वतःच्या पैशाने घातली. त्यातले निम्मे मी दिले. तो नको म्हणत होता.