शंभरीची रेघ

आठवडे बाजारात जुन्या भांड्यांचा ढीग मांडून बसलेला विक्रेता तुम्ही पाहिला असेल. पितळेचा तांब्या उचलला की तो लगेच म्हणतो, "अँटिक आहे, बाळा, शंभर वर्षांचा!" शेजारचा जुना रेडिओ व्हिंटेज, आणि त्यापलीकडची काडेपेट्यांची रंगीत लेबलं म्हणजे कलेक्शनचा माल. हे तिन्ही शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. पण त्यांत मोठा फरक आहे, आणि तो कळला नाही तर नुकसान आपलंच होतं.

आधी व्हिंटेज हा शब्द घेऊ. जुन्नर तालुक्यातल्या मुलांना तो पटकन समजेल, कारण तो द्राक्षांच्या मळ्यातून आला आहे! युरोपात या शब्दाचा मूळ अर्थ द्राक्षांची तोड असा होता. अमुक सालच्या तोडीची द्राक्षं चांगली होती, असं सांगता सांगता तो 'अमुक काळातली चांगली वस्तू' या अर्थानं रूढ झाला. म्हणजे व्हिंटेज वस्तूला आपल्या काळाची ओळख हवी. ती किती वर्षांची असावी हे कुठल्या एका कायद्यानं ठरवलेलं नाही. व्यापारी साधारण वीस-पंचवीस वर्षांपुढच्या वस्तूला हा शब्द लावतात. मोटारींचं मात्र वेगळं आहे. २०२१ साली केंद्र सरकारनं नियम केला, की पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली मोटार किंवा मोटारसायकल व्हिंटेज वाहन म्हणून नोंदवता येते. म्हणजे रेडिओला एक माप आणि मोटारीला दुसरं!

संग्राह्य वस्तूला, म्हणजे कलेक्टिबलला, वयाची अटच नाही. पोस्टाची तिकिटं, काडेपेटीची लेबलं, गेल्या वर्षी निघालेलं एखादं स्मारक नाणं, यांतलं काहीही चालेल. ते जमवणारी माणसं आहेत आणि वस्तू थोड्या आहेत, एवढं पुरे.

अँटिकला मात्र रेघ आहे, आणि ती कायद्यानं आखलेली आहे. आपल्या देशात १९७२ साली पुरावस्तू व कलानिधी कायदा झाला. त्याप्रमाणे नाणी, मूर्ती, चित्रं, कलाकुसरीच्या वस्तू निदान शंभर वर्षांच्या असल्या तर त्या पुरावस्तू. शास्त्र, इतिहास, साहित्य किंवा कला यांच्या दृष्टीनं मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. कागदाचं आयुष्य कमी, म्हणून त्याची काळजी आधी घ्यायची, असं समजलात तरी चालेल. ही रेघ एका जागी थांबत नाही बरं का! दर वर्षी ती एक घर पुढे सरकते. १९३० साली घडवलेली समई २०३० साली शंभरीत जाईल. म्हणून एखादी वस्तू तपासताना चालू सालातून १०० वजा करायचे. उरेल त्या सालची किंवा त्याआधीची वस्तू असेल तर ती रेघेच्या पलीकडे गेली.

आता खरा प्रश्न. रेघ ओलांडली की किंमत वाढते का?

आपण दोन नाणी घेऊन बघू. पहिली आहे शिवराई. जुन्नर-आंबेगावात कित्येक घरांच्या देव्हाऱ्यात ती सापडते. तांब्याचं छोटं नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं. शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्याला वाटतं, हे महाराजांच्याच हातचं. पण शिवराई महाराजांनंतरही, अगदी पेशवाईतही, त्याच अक्षरांनी पडत राहिली. इंग्रजी अमलातही ती बरीच वर्षं बाजारात चालत होती. त्यामुळे ती पुष्कळ उरली आहे. अक्षरांची ठेवण पाहून जाणकार तिचा काळ सांगतात. 'छत्र' आणि 'पति' यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असल्या, तर ती दुदांडी शिवराई, म्हणजे उत्तरकाळातली. वयानं ती पक्की पुरावस्तू आहे. पण झिजलेल्या साध्या शिवराईला संग्राहक फार तर काही शे रुपये देतो, लाख नव्हे.

दुसरं नाणं म्हणजे १९३९ सालचा चांदीचा रुपया, सहाव्या जॉर्ज राजाचा, मुंबईच्या टाकसाळीतला. शिवराईपुढे हा अगदी पोरसवदा! कायद्यानं तो अजून अँटिक नाही, २०३९ साली होईल. पण १९३८ चे आणि १९४० चे रुपये जितके दिसतात, तितका १९३९ चा दिसत नाही. म्हणून त्याची किंमत साध्या शिवराईच्या कितीतरी पट. आणि म्हणूनच सालाचा आकडा बदललेले नकली रुपयेही फिरतात. खऱ्या रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. वजन चुकलं किंवा लोहचुंबकाला चिकटला, तर तो खोटा. वजन बरोबर निघालं तरी भिंगातून नऊचा आकडा तपासावा लागतो आणि जाणकाराला दाखवावं लागतं.

म्हणजे वय हे किंमतीचं एकच कारण नाही. किती उरल्या, स्थिती कशी आहे, घेणारे किती, हे सगळं मिळून भाव ठरतो. मग शंभराची रेघ करते तरी काय? ती वस्तूचा बाजार बदलते. पुरावस्तू परदेशी नेता येत नाही, आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. जुन्या मूर्तींची आणि चित्रांची नोंदणीही करावी लागते. समजा, आत्या अमेरिकेला निघाली आहे आणि आजी तिला घरातली जुनी समई देते आहे. समई शंभरीच्या आत असेल तर हरकत नाही, पण विमानतळावर शंका आली तर पुरातत्त्व खात्याचं 'ही पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र दाखवावं लागेल. शंभरी उलटली असेल तर समई आजीकडेच राहणार! ९९ वर्षांच्या समईला जगभरचं गिऱ्हाईक आहे, १०१ वर्षांच्या समईला फक्त देशातलं. रेघ ओलांडल्यानं मान वाढतो, भाव वाढेलच असं नाही.

भाव कमी करण्याचा हमखास उपाय मात्र आपल्याच घरात असतो. तो म्हणजे चिंच! जुन्या तांब्याच्या नाण्यावर काळसर-तपकिरी थर बसलेला असतो. शेकडो वर्षांत तो तयार होतो आणि खालच्या धातूला जपतो. चिंच किंवा राखेनं घासलं की नाणं लखलखतं, पण थर गेला, अक्षरांच्या कडा बोथट झाल्या. मग संग्राहक ते खाली ठेवून देतो. देव्हाऱ्यातली शिवराई पूजेची आहे, ती आई घासेल, तो तिचा हक्क. पण डब्यातली जुनी नाणी कोरडी आणि वेगवेगळ्या कागदात ठेवा.

आणखी दोन गोष्टी. आपला भाग सातवाहनांच्या काळापासून व्यापाराचा, नाणेघाट त्याचा साक्षीदार. नांगरताना जुनी नाणी वर येतात. जमिनीत पुरलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त मोलाचा असेल, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तिथे आणखी उकरू नका. नाणं कुठे आणि किती खोल सापडलं, ही माहिती नाण्याइतकीच मोलाची असते. भंगारवाल्याच्या तागडीत गेलं, की ती कायमची हरवते.

दुसरी गोष्ट मोबाइलवरची. पाच-दहा रुपयांच्या अमुक नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी एवढी फी भरा, असे निरोप येतात. रिझर्व्ह बँकेनं २०२१ साली जाहीर सांगितलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि असं शुल्क मागत नाही. फी आधी मागणारा नाण्याचा गिऱ्हाईक नव्हे, तुमच्या पैशाचा गिऱ्हाईक!

या रविवारी एवढं करा. घरातल्या तीन जुन्या वस्तू निवडा. वहीत प्रत्येकीचं नाव, साल आणि ते साल कशावरून ठरवलं हे लिहा. साल कोरलेलं आहे की आजीच्या आठवणीतलं? आजी म्हणाली "माझ्या लग्नातली", तर लग्नाचं साल विचारा. मग १०० ची वजाबाकी करा आणि वस्तू रेघेच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते लिहा. विकायची असो वा नसो, हा कागद वस्तूबरोबर ठेवा. पुढे कधी कुणी "अँटिक आहे" म्हणालं, की हा कागद काढून दाखवा.