कोलॅजन गुडघ्यापर्यंत पोहोचते का?

लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावातून नागफणीच्या कड्याकडे वाट जाते. चढताना दम लागतो. पण गुडघ्यांची खरी परीक्षा होते ती उतरताना. उतरणीच्या प्रत्येक पावलाला मांडीच्या स्नायूंना सारे शरीर रोखून धरावे लागते आणि तो भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. डोंगरात वावरणाऱ्यांना आणि शनिवार-रविवारी भटकायला येणाऱ्यांनाही हे दुखणे ओळखीचे आहे. त्यावरचा घरगुती सल्लाही तितकाच ओळखीचा: पाया खा, आळणी प्या, हाडांचा रस्सा गुडघ्याला वंगण घालतो. आता हाच सल्ला नव्या वेष्टनात आला आहे. ‘बोन ब्रॉथ’ आणि कोलॅजनची पेये सांध्यांसाठी व त्वचेसाठी म्हणून विकली जात आहेत. दोन्हींमागचा तर्क एकच आहे. गुडघ्याच्या कूर्चेत कोलॅजन असते, हाडांच्या रश्श्यात कोलॅजन असते, म्हणून रस्सा प्यायला की गुडघा भरून येतो. या तर्कात एकच गोष्ट गृहीत धरलेली नाही, ती म्हणजे मधले पोट.

कोलॅजन हे शरीराला बांधून ठेवणारे प्रथिन आहे. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे एक तृतीयांश तेच असते. त्याचे धागे तीन पेडांच्या दोरासारखे एकमेकांत वळलेले असतात. ही रचना मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी 1954-55 मध्ये उलगडली. बकऱ्याचे पाय भाजून, खरवडून, मंद आचेवर तासन्‌तास शिजवले की हा दोर उकलतो आणि त्याचे जिलेटिन होते. उरलेला रस्सा थंड झाल्यावर थरथरतो तो त्यामुळेच. म्हणजे रस्सा ताटलीत येतो तेव्हाच मूळ कोलॅजनची वीण सुटलेली असते. बाजारातल्या पावडरीत त्याच्याही पुढची पायरी असते. तिथे विकरे वापरून धाग्यांचे आधीच बारीक तुकडे केलेले असतात, म्हणून ती पाण्यात सहज विरघळते.

समजा, एखाद्याने अशी 10 ग्रॅम पावडर पेलाभर पाण्यातून घेतली. जठरात तिला तीव्र आम्ल आणि पेप्सिन हे विकर भेटते. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाची विकरे, म्हणजे ट्रिप्सिन आणि त्याची भावंडे, उरलेल्या साखळ्या कापतात. शेवटची कापाकापी आतड्याच्या अस्तरावर होते. आतड्याची भिंत ओलांडून आत जातात ती सुटी अमिनो आम्ले आणि दोन किंवा तीन अमिनो आम्लांचे चिमुकले तुकडे. कोलॅजनचा अखंड धागा रक्तात जात नाही. अंडे असो, डाळ असो वा पाया, प्रथिनाच्या नशिबी ही कात्री ठरलेलीच असते. पलीकडे गेलेले ग्लायसीन पायातून आले की पिठल्यातून, हे शरीराला कळत नाही. ते यकृतात वापरले जाईल, स्नायूत जाईल किंवा जाळून ऊर्जा बनेल. त्यावर गुडघ्याचा पत्ता लिहिलेला नसतो.

पेयांच्या बाजूने एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवा. कोलॅजनमधल्या काही जोड्या, विशेषतः प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन यांची जोडी, या कात्रीला सहज दाद देत नाहीत. कोलॅजनचे तुकडे घेतल्यानंतर अशी जोडी माणसाच्या रक्तात काही काळ सापडते, हे जपानी संशोधकांनी 2005 मध्येच दाखवले. प्रयोगशाळेत पेशींवर ती सोडली तर पेशी काही प्रतिसाद देतात, असेही आढळले आहे. म्हणजे ‘सगळेच्या सगळे सुटे होऊन जाते’ असे म्हणणे पूर्ण बरोबर नाही. पण रक्तात थोडा वेळ एखादा तुकडा फिरणे आणि झिजलेला गुडघा दुरुस्त होणे, या दोहोंमध्ये फार मोठे अंतर आहे.

हे अंतर समजायला हायड्रॉक्सिप्रोलीनचेच उदाहरण घ्यावे. ही कोलॅजनची जणू ओळखखूण. 10 ग्रॅम पावडरीत ते सव्वा ग्रॅमच्या आसपास असते. हे तयार साहित्य थेट नव्या कोलॅजनमध्ये बसवले जाईल, असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. पेशी कोलॅजनची साखळी विणते तेव्हा साधे प्रोलीन ओवते आणि साखळी तयार झाल्यावर त्यातल्या काही प्रोलीनवर स्वतःच प्रक्रिया करून त्याचे हायड्रॉक्सिप्रोलीन करते. जनुकांच्या लिपीत या तयार मण्यासाठी शब्दच नाही, त्यामुळे अन्नातून आलेले हायड्रॉक्सिप्रोलीन साखळीत ओवता येत नाही. या प्रक्रियेला क जीवनसत्त्व लागते. ते फार कमी पडले की हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत, हाच स्कर्व्ही. म्हणून रोजच्या जेवणात पेरू, आवळा किंवा लिंबू हवे. मात्र ज्याच्या आहारात ते पुरेसे आहे, त्याने आणखी गोळ्या घेतल्याने गुडघा अधिक मजबूत होत नाही.

दुसरी अडचण गुडघ्याच्या बाजूची आहे. 1950 आणि 60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता. त्या काळात वाढीच्या वयात असलेल्यांच्या शरीरात त्याची खूण राहिली. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2016 मध्ये या खुणेचा उपयोग करून गुडघ्याच्या कूर्चेतल्या कोलॅजनचे वय काढले. ते वाढीच्या वयात तयार होते आणि प्रौढपणी जवळजवळ बदलत नाही, असे त्यांना दिसले. झीज झालेल्या गुडघ्यांतही नवे कोलॅजन भरले गेल्याची चिन्हे नव्हती. बांधकामच बंद असेल, तर दारात विटांचा ट्रक रिकामा करून भिंत उभी राहत नाही.

तरीही शेवटी माणसांवरच्या चाचण्या काय सांगतात, हे महत्त्वाचे. गुडघ्याच्या झिजेसाठी झालेल्या काही लहान चाचण्यांत कोलॅजन घेणाऱ्यांच्या वेदना थोड्या कमी झाल्याचे दिसले. पण कूर्चा पुन्हा वाढल्याचे त्यातून सिद्ध झालेले नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2011 मध्ये कोलॅजन आणि सांध्यांचा दावा तपासला आणि कार्यकारणसंबंध प्रस्थापित होत नाही असा निर्वाळा दिला. त्वचेबाबत 2025 मध्ये 23 चाचण्यांचा आणि 1,474 व्यक्तींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सगळ्या चाचण्या मिळून पाहिल्या तर त्वचेचा ओलावा, लवचिकता आणि सुरकुत्या सुधारल्याचे दिसत होते. औषध कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या तेव्हा तो फायदा नाहीसा झाला. अधिक काटेकोर चाचण्यांतही तो दिसला नाही. खरेदीदाराने जाहिरातीतला ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ हा शब्दप्रयोग वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

मग पाया निरुपयोगी का? अन्न म्हणून मुळीच नाही. पण त्याची मर्यादा पावणेदोनशे वर्षांपूर्वीच कळलेली आहे. पॅरिसमध्ये हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचे सूप गरिबांना आणि रुग्णालयांतल्या रोग्यांना मांसाऐवजी दिले जात होते. त्याची तपासणी करणाऱ्या समितीच्या वतीने फ्रांस्वा माजांदी यांनी 1841 मध्ये अहवाल दिला. नुसत्या जिलेटिनवर कुत्री जगत नाहीत, असे प्रयोगांत दिसले होते. कारण पुढे उमगले. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल नसतेच. म्हणून प्रथिन म्हणून ते अपुरे आहे. 60 किलो वजनाच्या व्यक्तीला दिवसाला सुमारे 50 ग्रॅम प्रथिने लागतात. त्यातली 10 ग्रॅम महागड्या अपुऱ्या प्रथिनांनी भरण्यापेक्षा अंडी, दूध, मासे किंवा डाळ-उसळीने भरणे शहाणपणाचे. हाडांच्या रश्श्यातून भरपूर कॅल्शियम मिळते हाही समजच. हाडांतला चुना पाण्यात फारच थोडा उतरतो. रश्श्यातल्या अमिनो आम्लांचे प्रमाणही दर भांड्यागणिक बदलते, त्यामुळे ‘रोज एक वाटी’ हा काही ठरलेला डोस होऊ शकत नाही.

घेणाऱ्याने लेबल वाचायला हवे. खरे कोलॅजन जवळजवळ नेहमीच प्राण्यापासून येते, मग तो मासा असो, गाय असो की डुक्कर. शाकाहारी घरांनी आणि विशिष्ट मांस वर्ज्य असणाऱ्यांनी स्रोत पाहूनच निर्णय घ्यावा. ‘शाकाहारी कोलॅजन’ या नावाखाली मिळते ते बहुतेकदा कोलॅजन नसते. त्यात जीवनसत्त्वे किंवा सुटी अमिनो आम्ले असतात. ‘हेल्थ सप्लिमेंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर ते औषधी वापरासाठी नाही, असे छापणे आपल्याकडे बंधनकारक आहे. जाहिरातीत गुडघ्याचे चित्र मोठे असते आणि हे वाक्य लहान. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, कारण हायड्रॉक्सिप्रोलीनचा काही भाग शरीरात ऑक्झलेटमध्ये बदलतो. मधुमेहींनी पेयातली साखर आणि रक्तदाब असणाऱ्यांनी रश्श्यातले मीठ पाहावे.

या व्यवहारात खरे नुकसान होते ते पैशाइतकेच वेळेचे. डबा संपेपर्यंत वाट पाहू, असे म्हणता म्हणता महिने जातात. गुडघा सुजला, गरम लागला, मध्येच अडकला, दगा देऊ लागला किंवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकला, तर तपासणी लांबणीवर टाकू नये. साध्या झिजेत सर्वांत भक्कम पुरावा आहे तो मांडीच्या स्नायूंच्या नियमित व्यायामाचा आणि वजन आटोक्यात ठेवण्याचा. एक किलो वजन घटले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे जाड आणि गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांच्या अभ्यासात आढळले. घाट उतरताना काठीचा आधार आणि छोटी पावले यांचाही उपयोग होतो. यातले काही डब्यात भरून विकता येत नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

थंडीच्या संध्याकाळी गरम पाया प्यावा, तो चवीसाठी आणि उबेसाठी. गुडघ्याच्या दुरुस्तीचे काम त्याच्यावर सोपवू नये.